‘म्हस व्या’ इथवरच ऐकू आलं

आमच्या केंद्रात शीला आली तेव्हा तिच्या अंगावर कडक इस्त्रीचा ड्रेस होता आणि बुटांना शेण लागलेलं होतं. सकाळी अवसरी खुर्दला एका गोठ्यात गाय अडली होती. ती सोडवून, हात धुऊन, कपडे बदलून ती थेट मुलाखतीला आली होती. बूट तेवढे बदलायचे राहिले. केंद्र चालवणारे जनावरांचे डॉक्टर अमृत यांनी तिच्या प्रमाणपत्रांकडे पाहिलं नाही, बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, “काय झालं?”

“कालवड झाली, सर. दोघी बऱ्या आहेत,” ती म्हणाली.

नोकरी तिथेच पक्की झाली असं मी आजही सगळ्यांना सांगते.

मी प्रतीक्षा. मंचरमध्ये दूधवाल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जे सल्ला केंद्र काढलंय, तिथे मी पिकांच्या प्रश्नांना उत्तरं देते आणि शीला जनावरांच्या. कामाची पद्धत सोपी आहे. शेतकरी एका नंबरवर फोन लावतो. टुं वाजलं की मिनिटभर बोलतो. तो आवाज आमच्याकडे येतो. आम्ही ऐकतो, उत्तर आमच्या आवाजात भरतो आणि ते त्याच्या फोनवर जातं. त्याचा फोन बंद असला, रेंजमध्ये नसला, तर मशीन परत परत लावत राहतं, लागेपर्यंत. लिहिता-वाचता येण्याची अडचण नाही, म्हणून बाया जास्त फोन करतात. गोठा बायांच्याच अंगावर असतो ना.

अडचण एकच. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगर, जुन्नरच्या पूर्वेला कुठे रेंज असते कुठे नसते. बोलता बोलता आवाज तुटतो. बोलणाऱ्याला ते कळत नाही, तो आपला पुढे बोलतच राहतो. आमच्याकडे मात्र अर्धंच वाक्य पोचतं. आणि अशा अर्धवट प्रश्नांसाठी केंद्राचं ठरलेलं उत्तर होतं, माझ्याच आवाजात भरलेलं: “आपला प्रश्न अपूर्ण आहे. कृपया पुन्हा विचारा.”

शीलाने ते पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि मला म्हणाली, “प्रतीक्षाताई, हे ऐकून किती जणी परत विचारतात?”

“थोड्याच,” मी म्हटलं.

“मग बाकीच्यांचं काय होतं?”

ज्याने परत फोन केला नाही त्याच्या गोठ्यात काय झालं, हे आम्हाला कसं कळणार?

शीलाचं माहेर आणि सासर दोन्ही अवसरीचंच. वडील भागुजी गवंडीकाम करायचे. घरात पंचशीलेचा झेंडा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली बसून पोरांनी अभ्यास करायचा हा वडिलांचा दंडक. तिने दोन वर्षांची पशुसंवर्धनाची पदविका घेतली. पहिली काही वर्षं गावोगाव स्कूटीवरून फिरून तिने गाईंची कृत्रिम रेतनं केली, लसी टोचल्या. काही गोठ्यांत तिला दाराशीच उभं केलं जायचं. ‘बाई माणूस कसं करील’ एवढं तोंडाने बोललं जायचं, त्यामागचं दुसरं कारण कुणी बोलत नव्हतं. तिला दोन्ही कळायचं. ती दाराशी उभी राहून विचारायची, “जनावर बरं व्हायला पायजे का नको?” मग वाट मिळायची. आज त्याच घरांतून तिला जेवायला थांबवतात.

तिचा नवरा नवनाथ पिकअप चालवतो, बाजारात कांदा-बटाटा आणतो. सासू जानकाबाई. या जानकाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण शीलाची उत्तर देण्याची जी पद्धत पुढे आमच्या सगळ्या केंद्राची झाली, ती मुळात या सासूची.

जानकाबाईंना ऐकू कमी येतं. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना येत नाही, पण ती दोनच गोष्टी करतात. नाहीतर “काय? काय?” करत राहतात, नाहीतर काहीतरी भलतंच उत्तर ठोकून देतात. जानकाबाई तिसरंच करतात. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. ओट्याजवळून शीलाने काहीतरी विचारलं. म्हातारी म्हणाली, “तू तेलाचं इचारलं आसं धरून सांगते. तेल फडताळात हाये. दुसरं कायी आसंल तर जवळ यिऊन बोल.” शीलाने तेलच विचारलं होतं. पण नसतं विचारलं, तरी दोघींचा घोटाळा झाला नसता.

“लग्नानंतर महिनाभर मला हसू यायचं,” शीला म्हणाली. “मग लक्षात आलं, या घरात कधी गैरसमजातून भांडण होत नाही.”

तर शीलाने केंद्रात अर्धवट प्रश्नांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला डॉक्टरांनी तिला थांबवलं. डॉक्टर अमृत हे स्वभावाने शांत, पण औषधाच्या बाबतीत काटेकोर.

“शीला, अंदाजाने सल्ला द्यायचा नाही,” ते म्हणाले. “जनावर समोर नाही, प्रश्नसुद्धा पुरता नाही. उद्या काही चुकलं तर?”

“सर, औषधाचं नाव मी सांगणारच नाही. डोस तर नाहीच,” शीला म्हणाली. “पण कुठल्याही कारणाने गाय बसली असली तरी तिला छातीवर बसवा, आडवी पडू देऊ नका, तोंडात काही ओतू नका, एवढं तर खरंच राहतं ना? ते सांगायला काय हरकत आहे? आणि मी काय समजून बोलतेय ते आधीच सांगते. मग चुकलं तर तिला तिथेच कळेल.”

डॉक्टर म्हणाले, “आधी शक्य असेल तर फोन लावायचा. लागला नाही तरच हे. आणि पहिले काही दिवस उत्तर जाण्याआधी मला ऐकव.”

शीलाला ते मान्य होतं. तिला तर ते हवंच होतं.

सगळ्याच तुटक्या प्रश्नांना ती उत्तर द्यायची असं मात्र नाही. एकदा आवाज आला, “ताई, आमचा बैल हाये ना, तो...” आणि संपलं. मी म्हटलं, घे, दे आता उत्तर. ती हसली. “यात धरून चालायला काहीच नाही. बैल आहे एवढंच कळलं.” तिने सरळ सांगितलं की बैलापर्यंतच ऐकू आलं, काय झालंय ते पुन्हा सांगा. अंदाज बांधायला दोन धागे तरी हातात हवेत, हे ती जाणून होती.

मग त्या वर्षीचा पावसाळा आला. कांदाचाळीत साठवलेला कांदा दमटपणाने सडायला लागला होता. नवनाथ रोज घरी येऊन सांगायचा की बाजारात निवडून फेकलेल्या कांद्याचे ढीग लागलेत, आणि माणसं तेही पोत्यात भरून नेतायत, जनावरांना घालायला. शीलाने हे मला जेवताना सांगितलं होतं. तिला काळजी वाटत होती. कांदा जनावराच्या रक्ताला बाधतो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते. आणि हे खाल्ल्याबरोबर दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. तोवर माणूस रोज पाटी पाटी कांदा घालत राहतो.

अशाच एका सकाळी निमगाव साव्याहून एक आवाज आला. म्हातारा पण खणखणीत.

“ताई, मी ठकूबाई बोलतीय, निमगाव साव्याची. माझ्या म्हशीची लघवी लाल झालीया. पार काळ्या च्यावानी. कालपस्नं बघतीय. म्हस व्या...”

एवढंच. पुढे खरखर आणि मग काही नाही.

शीलाने लगेच फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. परत लावला. तेच. तिने हेडफोन काढून मला ऐकवलं.

“‘व्याली’ म्हणायचं होतं की ‘व्यायची’?” मी विचारलं.

“तेच कळत नाही. पण लाल लघवी आणि व्याण्याचं सांगतेय म्हटल्यावर पहिल्यांदा स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, कमतरताच डोक्यात येते. म्हशीत व्याल्यावर बऱ्याचदा होते. कधी व्यायच्या आधीही होते. गोचिडाच्या तापातही लाल होते. आणि हल्ली तर कांदा.”

“मग काय सांगणार?”

“जे धरलंय ते सगळं सांगणार,” ती म्हणाली आणि माईक पुढे ओढला. मी शेजारीच होते, म्हणून ते उत्तर मला जवळजवळ पाठ आहे.

“ठकूबाई मावशी, नमस्कार. मंचरहून शीला बोलतेय. मावशी, तुमचं बोलणं मला अर्धंच आलंय. ‘म्हस व्या’ इथवरच ऐकू आलं, त्याच्या पुढचं काही आलं नाही. म्हणून मी असं धरून चालते, की म्हैस नुकतीच व्याली आहे, अंगात ताप नाही, आणि तिला कांदा किंवा कांद्याची पात खायला घातलेली नाही. असं असेल, तर तिच्या अंगातला स्फुरद कमी झाल्याने लघवी लाल होत असावी. त्याचं औषध डॉक्टर शिरेतून देतात, घरी देता येत नाही. पण मावशी, कांदा घातला असेल, तर मी आत्ता म्हटलं ते सोडून द्या. कांदा आत्ताच बंद करा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी कांद्याचंच सांगा. गोचीड असतील, अंग तापलं असेल, तर तेही सांगा. कारण काही का असेना, तिला चालवू नका, सावलीत बांधा, समोर भरपूर पाणी ठेवा, नेहमीची वैरण द्या. घरचं काही पाजू नका. डोळ्याची पापणी खाली ओढून बघा. आतून पांढरी फटक दिसली तर रक्त लई कमी झालंय. पण दिसो ना दिसो, डॉक्टर आजच बोलवा. आणि मला परत फोन करून सांगा, व्याली की व्यायची आहे, आणि खायला काय काय घातलंय.”

डॉक्टर अमृत यांनी ते ऐकलं. एकदा पूर्ण, मग मधला भाग पुन्हा. “कांद्याचं का घातलंस? तिने तर म्हटलं नाही.”

“म्हटलं नाही, की म्हटलेलं आलं नाही, ते मला माहीत नाही ना सर.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि स्वतः बटण दाबलं.

पुढचं ठकूबाईंनी आम्हाला नंतर इतक्यांदा सांगितलं की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. ठकूबाई एकट्याच घरी. मुलगा स्वराज चाकणला कंपनीत, सून आरती त्याच्याबरोबर. म्हैस म्हणजे ठकूबाईंची सोबत. पावसाने वैरण भिजलेली, म्हणून चाळीतला निवडलेला कांदा त्या आठवडाभर म्हशीला घालत होत्या. सकाळी त्यांनी आम्हाला फोन केला आणि टुं वाजल्यावर सगळं सविस्तर सांगितलं: म्हैस व्यायची आहे अजून, महिना आहे, वैरण नाही म्हणून कांदा घालतेय, तो चालेल ना? सांगून झालं आणि त्या समाधानाने कामाला लागल्या. आता मंचरवाल्यांना सगळं ठाऊक झालंय अशी त्यांची खात्री.

दुपारी त्या वरच्या रानातून परत आल्या, फोनला रेंज आली आणि तो वाजला. त्या वेळी त्या कांद्याची पाटी घेऊन गोठ्याकडेच निघाल्या होत्या. एका हाताने फोन कानाला लावला. ‘म्हस व्या इथवरच ऐकू आलं’ हे ऐकून त्या थबकल्या. ‘नुकतीच व्याली आहे असं धरते’ म्हटल्यावर फोनवरच ओरडल्या, “आगं व्याली न्हाई, व्यायचीय!” आणि ‘कांदा घातलेला नाही’ हे ऐकलं तशी त्यांनी पाटी जागेवर खाली ठेवली.

पापणी ओढून बघितली. आतून पांढरी.

त्यांनी गावाकडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तो शेजारणीच्या गच्चीवर चढून. पहिलं वाक्य: “डॉक्टर, म्हशीनं आठवडाभर कांदा खाल्लाय.” डॉक्टर तासाभरात आले. सलाईन लावलं, रक्तवाढीची औषधं दिली, तीन-चार दिवस रोज येत राहिले. म्हैस गाभण, रक्त उतरलेलं, रेडकू राहतंय की जातंय अशी धास्ती होती. त्या डॉक्टरांनी नंतर आमच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, “व्यायला आलेली म्हैस आणि लाल लघवी म्हटल्यावर मीही आधी स्फुरदाच्याच मागे गेलो असतो. आणि तोवर तिने संध्याकाळची पाटी घातली असती. कांद्याचं आधी कळलं म्हणून बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईंचा फोन आला, या वेळी केंद्राच्या थेट नंबरवर. मी उचलला आणि स्पीकर चालू केला.

“ती शीला कोण हाये, तिला द्या!”

“मीच बोलतेय, मावशी.”

“का गं, म्या एवढं बोंबलून सांगितलं कांद्याचं, आन् तू म्हणतीस कांदा न्हाई घातला आसं धरते? कान हायेत का न्हाईत तुला?”

शीला गोंधळली नाही. “मावशी, ते माझ्यापर्यंत आलंच नाही. लाइन तुटली मधेच.”

पलीकडचा आवाज बदलला. खाली आला.

“ते मला कळलं गं. तू म्हणलीस ना, इथवरच आलं म्हणून. तवा कळलं. आन् तू ते म्हणली नसतीस, नुसतंच म्हणली आसतीस की स्फुरद का काय ते कमी हाये, डॉक्टर बोलवा... तर मला वाटलं आसतं, कांद्याचं समदं आयकून बोलतीय ही. म्हंजी कांदा चालतोय. म्या घालीतच राह्यली आसती.”

डॉक्टर अमृत दाराशी चहाचा कप घेऊन उभे होते, तो तसाच हातात राहिला.

“म्हैस कशी आहे?” शीलाने विचारलं.

“उभी हाये. वैरणीला तोंड लावलंय. शेजारची गाय पण कांदाच खात व्हती, तिचा बी बंद केला. आख्ख्या आळीला सांगून आले.”

फोन ठेवल्यावर शीला उठून बाहेर गेली. हायवेवरून ट्रक धडधडत होते. ती फाटकापाशी जरा वेळ उभी राहिली, नाक पुसलं आणि परत येऊन हेडफोन घातला. सतरा प्रश्न ऐकायचे बाकी होते.

त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी माझ्या आवाजातलं ते जुनं उत्तर काढून टाकलं. “आता कुणीही हे लावायचं नाही,” ते म्हणाले. “अर्धा प्रश्न आला तर आधी फोन. नाही लागला तर शीलासारखं. कुठवर ऐकलं ते सांगा, काय धरलंय ते सांगा, आणि कारण काहीही असलं तरी जे खरंच राहतं ते द्या.” माझा आवाज गेला याचं मला तसूभरही वाईट वाटलं नाही.

मीही शिकले. गेल्या उन्हाळ्यात एकाचा प्रश्न आला, ‘टोमॅटोची पानं वरच्या बाजूला गोळा झालीत, परवा फवारणी’ आणि तुटला. मी सांगितलं की त्या पंपाने आधी तणनाशक मारलेलं नव्हतं असं धरून बोलतेय. माणसाचा लगेच फोन आला, “मॅडम, तिथंच गडबड हाय. पंप धुवायचा राहिला व्हता.” अशा वेळी मला शीलाचा भारी अभिमान वाटतो. आणि मी तिच्या शेजारी बसते याचाही.

त्याच पावसाळ्यात, श्रावण संपता संपता ठकूबाईंची म्हैस व्याली. रेडी झाली. त्यानंतर दोन दिवसांनी एक ठेंगणी म्हातारी, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा, एसटीने मंचरला उतरून विचारत विचारत आमच्या दारात आली. डब्यात खरवस होता. गूळ आणि वेलदोडा घातलेला, वड्या पाडलेला.

तिने आत येऊन माझ्याकडे पाहिलं आणि सरळ माझाच हात धरला. “शीला?”

“मी प्रतीक्षा, मावशी. मी पिकंवाली,” मी म्हटलं. आणि तिचा तो हात धरूनच तिला पलीकडच्या टेबलाशी घेऊन गेले. शीला हेडफोन लावून कुणाचं तरी ऐकत होती, डोळे मिटून. “ही आमची शीला,” मी सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज जरा मोठाच झाला.

ठकूबाईंनी तिला हाक मारली नाही. “आयकू द्या तिला आधी,” म्हणाल्या, आणि डबा मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत वाट बघत बसल्या.